पाठवले थोडे, गेले निम्मे?

वॉलेटमध्ये 0.02 बिटकॉइन आहेत. त्यातले 0.0015 कुणाला तरी पाठवायचे आहेत. ॲड्रेस चिकटवला, रक्कम टाकली, बटण दाबलं. पुढच्या क्षणी शिलकेच्या जागी आकडा दिसतो 0.01. पाठवले दीड आणि गेले दहा, असा हा हिशेब. काही वॉलेटमध्ये खाली बारीक अक्षरांत ‘पेंडिंग’ अशी एक ओळ असते, पण घाबरलेल्या माणसाचं लक्ष तिकडे जात नाही. मग तो आपला जुना ॲड्रेस एखाद्या एक्सप्लोररवर टाकून बघतो. एक्सप्लोरर म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक वहीची पानं उलटून दाखवणारी वेबसाइट. तिथे त्या ॲड्रेसपुढे शिल्लक शून्य. आता मात्र चोरी झाल्याची त्याची खात्रीच पटते.

चोरी झालेली नसते. पैसे त्याच्याकडेच असतात, फक्त त्याच्याच दुसऱ्या एका ॲड्रेसवर गेलेले असतात. असं का होतं हे कळायला बिटकॉइनमध्ये ‘शिल्लक’ कुठे लिहिलेली असते ते पाहावं लागतं. खरं तर ती कुठेच लिहिलेली नसते.

बँकेच्या संगणकात तुमच्या नावापुढे एक आकडा असतो. दीडशे रुपये पाठवले की त्यातून दीडशे वजा होतात. बिटकॉइनच्या वहीत असं खातं नाही. तिथे नोंदी असतात त्या फक्त व्यवहारांच्या, आणि प्रत्येक व्यवहारातून एक किंवा अनेक ‘आउटपुट’ निघतात. आउटपुट म्हणजे ठरावीक रकमेचा एक तुकडा आणि त्याला लावलेलं कुलूप. ज्याच्याकडे त्या कुलपाची किल्ली, त्याचा तो तुकडा. ज्या तुकड्यांच्या किल्ल्या तुमच्या वॉलेटमध्ये आहेत आणि जे अजून खर्च झालेले नाहीत, त्यांची वॉलेट बेरीज करतं आणि तोच आकडा शिल्लक म्हणून दाखवतं.

या पद्धतीचा एक नियम सगळ्याच्या मुळाशी आहे. तुकडा खर्च करायचा तर पुरता खर्च करावा लागतो, त्यातला अर्धा जागेवर ठेवता येत नाही. किराणा दुकानात एकशे चाळीसच्या सामानासाठी पाचशेची नोट द्यावी तसंच हे, कारण नोट फाडून कोणी देत नाही. फरक इतकाच की दुकानदार वरचे पैसे मोजून परत देतो, बिटकॉइनमध्ये समोरचा माणूस काहीच परत करत नाही. वरचे पैसे पाठवणाऱ्यानेच, त्याच व्यवहारात, स्वतःच्या नावाने वेगळे काढून ठेवायचे असतात. आणि दिलेली नोट कुणाच्या गल्ल्यातही जात नाही. जुना तुकडा कायमचा संपतो आणि त्याच्या जागी नवे तुकडे तयार होतात. तुमच्याकडे परत येणाऱ्या तुकड्याला म्हणायचं ‘चेंज आउटपुट’.

ही काही नंतर सुचलेली सोय नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 2008 साली प्रसिद्ध झालेल्या मूळ निबंधाच्या नवव्या भागात ती सांगितलेली आहे. एका माणसाने दुसऱ्याला बिटकॉइन पाठवल्याचा जो पहिला व्यवहार आपल्याला माहीत आहे, त्यातही ती दिसते. तारीख 12 जानेवारी 2009, ब्लॉक क्रमांक 170. सातोशीने हॅल फिनी या अमेरिकन प्रोग्रामरला 10 बिटकॉइन पाठवले. त्याने वापरला तो तुकडा नवव्या ब्लॉकच्या बक्षिसाचा होता आणि पूर्ण 50 चा होता. म्हणून व्यवहारात एका बाजूला 50 आत आले आणि दुसऱ्या बाजूला दोन आउटपुट निघाले: 10 फिनीचे, 40 सातोशीचे परत. फी शून्य, कारण तेव्हा गर्दीच नव्हती. हा व्यवहार आजही कोणत्याही एक्सप्लोररवर उघडून पाहता येतो. दुसरी ओळ कुणाची हे माहीत नसलेला माणूस मात्र म्हणेल की सातोशीने दोघांना मिळून 50 बिटकॉइन देऊन टाकले.

आता आपल्या उदाहरणाकडे येऊ. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. दशांशचिन्हामागच्या शून्यांत हरवण्यापेक्षा सातोशीत मोजलेलं बरं. त्या वॉलेटमध्ये 20,00,000 सातोशी होते, पण ते एकगठ्ठा नव्हते. दोन वेगवेगळ्या वेळी आलेले दहा-दहा लाखांचे दोन तुकडे होते. पाठवायचे होते 1,50,000. वॉलेटने एक तुकडा उचलला, दुसऱ्याला हात लावला नाही.

फी रकमेवर ठरत नाही, व्यवहार वहीत किती जागा खातो त्यावर ठरते. हल्लीचे bc1q ने सुरू होणारे ॲड्रेस वापरले, तर एक तुकडा आत आणि दोन आउटपुट बाहेर असा व्यवहार साधारण 141 व्हर्च्युअल बाइट जागा घेतो. त्या वेळचा दर बाइटला 10 सातोशी धरला तर फी झाली 1,410. उरलेलं गणित सरळ आहे:

```
आत आले            10,00,000
समोरच्याला          1,50,000
फी                     1,410
चेंज, स्वतःला परत   8,48,590
```

खरी शिल्लक झाली हात न लावलेले 10,00,000 आणि परत आलेले 8,48,590, म्हणजे एकूण 18,48,590 सातोशी. पण परत आलेला तुकडा ज्या व्यवहारातून जन्मला तो व्यवहार अजून कोणत्याही ब्लॉकमध्ये बसलेला नाही. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी तयार होतो, कधी दोन मिनिटांत येतो तर कधी तासभर येत नाही, आणि फी कमी असेल तर आपला नंबर लागायला आणखी वेळ जातो. तोवर सावध वॉलेट फक्त पक्क्या तुकड्यांची बेरीज मोठ्या अक्षरांत दाखवतात. पक्का तुकडा एकच उरलेला, दहा लाखांचा, म्हणून शिल्लक निम्मी झाल्यासारखी दिसते. बिटकॉइन कोअरसारखी वॉलेट वेगळा विचार करतात. चेंज आपणच तयार केलेली आहे, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं धरून ती शिलकेत मिळवतात. एकाच व्यवहारानंतर दोन वॉलेट दोन आकडे दाखवतात ते यामुळे. सगळे पैसे एकाच तुकड्यात असते तर सावध वॉलेटने काही काळ चक्क शून्य दाखवलं असतं.

आता एक्सप्लोररवरच्या त्या शून्याचं बघू. वॉलेट चेंज जुन्या ॲड्रेसवर परत पाठवत नाही, दर वेळी नवा ॲड्रेस काढतं. सातोशीने 2009 च्या त्या व्यवहारात चेंज जुन्याच किल्लीवर घेतली होती, पण ती सवय गोपनीयतेला घातक आहे. वही सार्वजनिक असते. चेंज जुन्याच ॲड्रेसवर आली तर दोन आउटपुटपैकी पाठवणाऱ्याचं कोणतं हे शेंबड्या पोरालाही कळेल, आणि त्याच्याकडे अजून किती पैसे आहेत हेही. नव्या ॲड्रेसमुळे निदान अंदाज तरी बांधावा लागतो. तसा अंदाज पुष्कळदा बरोबरही येतो. दीड लाख ही ठोकळ रक्कम आणि 8,48,590 ही वेडीवाकडी, यातली चेंज कोणती हे सांगायला गुप्तहेर लागत नाही.

हे नवे ॲड्रेस हवेतून येत नाहीत. वॉलेट सुरू करताना लिहून ठेवायला सांगतात त्या 12 किंवा 24 शब्दांतून सगळ्या किल्ल्या एका ठरलेल्या क्रमाने निघतात. त्या क्रमात दोन फांद्या असतात. bc1q ॲड्रेसच्या वॉलेटमध्ये त्यांचे पत्ते असे लिहितात:

```
m/84'/0'/0'/0/0   पैसे घेण्याचा पहिला ॲड्रेस
m/84'/0'/0'/1/0   चेंजचा पहिला ॲड्रेस
```

शेवटून दुसरा आकडा 0 असेल तर तो ॲड्रेस लोकांना द्यायचा, 1 असेल तर तो वॉलेटच्या घरगुती वापराचा. बहुतेक मोबाइल वॉलेट ही दुसरी फांदी दाखवतच नाहीत. गोंधळ होऊ नये म्हणून ती लपवलेली असते आणि नेमका त्यामुळेच गोंधळ होतो.

तपासायचं कसं? ॲड्रेस शोधत बसू नये, व्यवहार उघडावा. वॉलेटच्या इतिहासात त्या व्यवहाराचा आयडी असतो, 64 अक्षरी. तो एक्सप्लोररवर टाकला की डावीकडे आत गेलेले तुकडे आणि उजवीकडे बाहेर पडलेले आउटपुट दिसतात. उजवीकडची एक ओळ तुम्ही पाठवलेल्या रकमेची असेल. दुसऱ्या ओळीतला ॲड्रेस आपल्या वॉलेटच्या यादीत आहे का, एवढंच पाहायचं. इलेक्ट्रम या डेस्कटॉप वॉलेटमध्ये ‘Addresses’ हा टॅब उघडला की पैसे घेण्याचे ॲड्रेस हिरव्या आणि चेंजचे पिवळ्या रंगात वेगळे दिसतात. पिवळ्यांत तो ॲड्रेस सापडला की विषय संपला. दुसऱ्या ओळीतला ॲड्रेस यादीत कुठेच नसेल, तरच काळजीचं कारण आहे.

घाबरलेल्या अवस्थेत इंटरनेटवर मदत मागणाऱ्याला ‘सपोर्ट’च्या नावाने मेसेज येतात आणि वॉलेट ‘सिंक’ करून देतो म्हणून बारा शब्द मागितले जातात. तोवर चोरी झालेली नसते. ते शब्द दिले की होते.

ज्यांचे बिटकॉइन एक्सचेंजच्या खात्यात आहेत त्यांना यातलं काहीच दिसणार नाही. तिथे तुमच्या नावापुढे बँकेसारखा आकडाच असतो, तुकडे आणि चेंज एक्सचेंज आपल्या पातळीवर सांभाळतं. म्हणून वर्षानुवर्षं एक्सचेंजवर व्यवहार करून पहिल्यांदाच स्वतःच्या वॉलेटमध्ये पैसे काढणारा माणूस हमखास या जागी अडखळतो.

चेंजमुळे पैसे खरोखर बुडालेही आहेत. ऑगस्ट 2010 मध्ये एका माणसाने आपल्या जवळपास 9,000 बिटकॉइनपैकी फक्त एक बिटकॉइन स्वतःलाच पाठवून पाहिला. तो सीडीवरून चालणारी लिनक्स वापरत होता, म्हणजे संगणक बंद केला की त्यावरचं सगळं पुसलं जाणार. वॉलेटच्या फाइलची प्रत त्याने आधीच काढून ठेवली होती. त्याच्या मते बॅकअप झाला होता. पण ती प्रत होती व्यवहाराआधीची. एक बिटकॉइन पाठवताना प्रोग्रामने उरलेल्या 8,999 साठी नवी किल्ली बनवली आणि ती फक्त चालू संगणकाच्या फाइलमध्ये होती. संगणक बंद झाला आणि किल्ली गेली. बॅकअपमधल्या जुन्या किल्लीच्या कुलपात आता काहीच नव्हतं. तेव्हाच्या बाजारभावाने ही रक्कम काही शे डॉलरची होती, आजच्या भावाने तिच्याकडे न बघितलेलंच बरं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या आवृत्तीत प्रोग्राम 100 किल्ल्या आगाऊ बनवून फाइलमध्ये ठेवू लागला, म्हणजे जुन्या बॅकअपमध्येही पुढच्या काही व्यवहारांच्या चेंजच्या किल्ल्या सापडाव्यात. बारा शब्दांची पद्धत ही त्याच्या पुढची पायरी. तिथे एकदा शब्द लिहून ठेवले की पुढे येणाऱ्या सगळ्या किल्ल्या त्यात आल्याच. फक्त ते शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकताना त्या वॉलेटला तोच क्रम माहीत हवा. जुन्या पद्धतीचं, 44' या फांदीवरचं वॉलेट 84' वर शोधलं तर शिल्लक शून्य दिसते, आणि शब्द चुकले की काय म्हणून माणूस पुन्हा घाबरतो.

2010 चा तो अपघात आजही घडू शकतो, फक्त रूप वेगळं असतं. कागदावर छापलेली एकच खासगी किल्ली म्हणजे ‘पेपर वॉलेट’. वाढदिवसाची भेट म्हणून कोणीतरी दिलेली असते. ती मोबाइलच्या वॉलेटमध्ये नुसती ‘इम्पोर्ट’ करून थोडे पैसे खर्च केले, तर काही वॉलेट उरलेली चेंज आपल्या शब्दांतून निघालेल्या नव्या ॲड्रेसवर घेतात. बाकीचे पैसे कागदावर सुरक्षित आहेत असं समजून माणूस ॲप उडवून टाकतो, शब्द लिहून ठेवायच्या भानगडीत पडत नाही. कागदाच्या किल्लीत आता दमडी नसते. यावर उपाय म्हणजे ‘इम्पोर्ट’ न करता ‘स्वीप’ करायचं: कागदावरची सगळी रक्कम एका झटक्यात आपल्या वॉलेटमध्ये ओढून घ्यायची आणि कागद रिकामा समजायचा. अर्थात आधी बारा शब्द लिहून ठेवून.

दुसरा धोका हाताने व्यवहार लिहिणाऱ्यांना. व्यवहारात फीची अशी वेगळी ओळ नसते. आत आलेल्यातून बाहेर गेलेलं वजा करून जे उरतं ती फी, आणि ती मायनरच्या खिशात जाते. म्हणजे चेंजची ओळ लिहायला विसरलं तर आपल्या उदाहरणातले 8,48,590 सातोशी फी म्हणून गेले असते, आणि वहीच्या दृष्टीने तो व्यवहार अगदी वैध असता. बिटकॉइन कोअरची `createrawtransaction` ही आज्ञा स्वतःहून चेंज घालत नाही, त्यासाठी पुढे `fundrawtransaction` चालवावी लागते. अशी चूक पुष्कळ महागात पडल्यावर कोअरने एक अडसर बसवला. फीचा दर दर हजार व्हर्च्युअल बाइटला 0.10 बिटकॉइनपेक्षा जास्त भरला तर `sendrawtransaction` व्यवहार पाठवायला नकार देते. पण गणित करून पाहिलं तर 141 बाइटच्या व्यवहारासाठी ही मर्यादा चौदा लाख सातोशींच्या वर जाते, तेव्हा आपले साडेआठ लाख त्या जाळीतून आरामात निसटले असते. साध्या वॉलेटमधून पाठवणाऱ्याला ही भीती नाही. ट्रेझरसारखं हार्डवेअर वॉलेट तर चेंजची ओळ आपल्याच फांदीवरची आहे हे स्वतः तपासतं आणि म्हणूनच ती पडद्यावर विचारत नाही. तुम्ही एकालाच पैसे पाठवत असताना त्याने दुसरा ॲड्रेसही मंजुरीसाठी दाखवला, तर ‘हो’ म्हणण्याआधी थांबायला हवं.

राहता राहिला प्रश्न ‘पेंडिंग’ लवकर न हटण्याचा. समजा फी बाइटला 2 सातोशी लावली, म्हणजे एकूण 282, आणि गर्दी वाढून दर 10 वर गेला. चेंज अडकून पडते. इथे तीच चेंज उपयोगी पडते. वॉलेटमध्ये फी वाढवायचं बटण असेल तर तोच व्यवहार नव्याने लिहिला जातो, फी 1,410 होते आणि वाढीव 1,128 सातोशी चेंजमधून कापले जातात. समोरच्याच्या दीड लाखांना धक्का लागत नाही. तसं बटण नसेल तर अडकलेली चेंजच नव्या व्यवहारात स्वतःला पाठवायची आणि त्या दुसऱ्या व्यवहाराला भरघोस फी लावायची. एक तुकडा आत आणि एक बाहेर असा तो दुसरा व्यवहार 110 बाइटचा. दोन्ही मिळून 251 बाइट, दर 10 हवा तर फी 2,510. पहिल्याने 282 दिलेत, तेव्हा दुसऱ्याने 2,228 द्यायचे. दुसऱ्याची फी हवी असलेल्या मायनरला आधी पहिला व्यवहार ब्लॉकमध्ये बसवावाच लागतो, कारण चेंजचा तुकडा तिथूनच जन्मतो.

काहीच केलं नाही तरी पैसे बुडत नाहीत. बिटकॉइन कोअर चालवणारे संगणक असा ताटकळलेला व्यवहार 336 तास, म्हणजे चौदा दिवस, सांभाळतात आणि मग यादीतून काढून टाकतात. तोवर कुणी तो पुन्हा पाठवला नाही आणि ब्लॉकमध्येही गेला नाही, तर पाठवणं झालंच नाही असं धरलं जातं. दीड लाख समोरच्याला मिळालेले नसतात, चेंजही तयार झालेली नसते, आणि दहा लाखांचा मूळ तुकडा वॉलेटमध्ये पुन्हा अख्खा दिसू लागतो.